शेजपाळी पाण्याची, तशी बोलण्याचीही



महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मधले कलम 27 आपल्यापैकी बहुतेकांना आकड्याने नाही, तरी अर्थाने पाठ आहे. एका सभासदाला एक मत. कोणाचा ऊस अर्धा एकर असो की पंचवीस एकर, मतपेटीपाशी दोघे सारखे. पण हा हिशेब निवडणुकीच्या दिवसापुरता झाला. बाकी वर्षभर आपले निर्णय मतपेटीत होत नाहीत. ते होतात गटाच्या बैठकीत, चारीवरच्या सभेत, मारुतीच्या पारावर सतरंजी टाकून. तिथे मते कोणी मोजत नाही, तिथे बोलणे चालते. आणि बोलण्याचा वाटा कोणाला किती, हे कोणत्याच कलमात लिहिलेले नाही.

म्हणून मग एक जण बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. असा एक सभासद प्रत्येक गटात असतोच. आपण त्यांना अण्णा म्हणू. या नावाचे कोणी वाचत असतील तर त्यांनी राग मानू नये, नाव नुसते सोयीसाठी घेतले आहे. अण्णा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. बहुधा गटात सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते. साहेबांच्या कचेरीत हेलपाटे त्यांनीच घातलेले असतात, नमुना नंबर 7 चे पाणीमागणीचे अर्ज लोकांना त्यांनीच भरून दिलेले असतात. त्यांच्या बोलण्याची गटाला सवय झालेली असते, आणि खरे सांगायचे तर सोयही. बैठक सुरू झाली की चार जण आपणहून म्हणतात, "अण्णा, तुम्हीच बोला." म्हणजे अण्णांना गादीवर बसवणारे आपणच, आणि बाहेर पडल्यावर "यांच्यापुढं कोणाचं चालतंय" म्हणून कुरकुरणारेही आपणच.

यात नुकसान नेमके कुठे होते, ते पैठण भागातल्या एखाद्या चारीचे उदाहरण समोर धरून पाहू. समजा, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरची एक चारी आहे आणि तिच्यावर 24 सभासद आहेत: हेडला आठ, मधे आठ, टेलला आठ. उन्हाळी हंगामातली पाळी आठ दिवसांची मिळणार आहे आणि ती कशी वाटायची यासाठी दोन तासांची बैठक बोलावली आहे. मागचे इतिवृत्त वाचणे, हजेरी, चहा यात वीस मिनिटे गेली. उरली शंभर. चोवीस माणसांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात. प्रत्यक्षात अण्णा सहा वेळा उठतात आणि पन्नास मिनिटे घेतात. अध्यक्षांची वीस जातात. अण्णांना दुजोरा देणारे दोघे पंधरा घेतात. राहिलेल्या वीस माणसांना मिळून पंधरा मिनिटे उरतात, आणि त्यातलीही निम्मी "अण्णा म्हणतात तेच बरोबर" यात जातात.

अण्णांची सूचना अशी असते: हेडचा खोडवा वाळायला लागला आहे, म्हणून या पाळीला पाणी हेडपासून सोडावे. हेड आणि मध्य मिळून चार दिवसांत उरकतील, मग सलग चार दिवस टेलला. ऐकायला न्याय्य वाटते. टेलला आठच शेतकरी आणि त्यांना निम्मी पाळी! ठराव सर्वानुमते मंजूर होतो.

आता टेलच्या आठ जणांना जे ठाऊक आहे ते ऐका. चारीत गवत माजले आहे, त्यामुळे हेडचे दार बंद केल्यावर टेलला पाण्याचा पहिला थेंब पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. आणि पाळीच्या शेवटच्या दोन दिवसांत वरून विसर्ग कमी होतो, हे ते तीन वर्षे पाहत आहेत. म्हणजे कागदावरचे चार दिवस शेतात दीड-दोनच भरतात. ही गोष्ट अण्णांना माहीत नाही, कारण त्यांची जमीन हेडला आहे. ज्यांना माहीत आहे ते मागच्या ओळीत गप्प बसले होते. ते सभेत बोलले नाहीत, पण सहाव्या रात्री बोलले. कोणीतरी वरच्या दारात दगड घातला आणि बांध फोडला. सकाळी भांडण, दुपारी पोलीस पाटील. सर्वानुमते झालेला ठराव असा रात्रीतून मोडतो. एकाच तोंडातून निघालेल्या ठरावाला फार थोडे धनी असतात, म्हणून तो मोडायला कोणाला संकोच वाटत नाही.

मग अण्णांना सभेत गप्प करावे काय? तसे करून पाहिलेल्या बैठका पुष्कळ आहेत. कोणीतरी तरुण उठतो आणि "अण्णा, आता पुरे, दुसऱ्यांना बोलू द्या" म्हणतो. अण्णा खाली बसतात. दोन मिनिटे शांतता. अपेक्षा अशी की आता टेलचे लोक बोलतील. पण ते आणखीच गप्प होतात. कारण साधे आहे. ज्याला सगळे मानतात त्याचा चारचौघांत पाणउतारा होतो, हे त्यांनी नुकतेच डोळ्यांनी पाहिले. आपण तोंड उघडले आणि चुकले तर आपले काय होईल? शिवाय अण्णा खाली बसले तरी संपत नाहीत. त्यांची खरी सभा दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या चहावर भरते, आणि तिथे त्यांना उत्तर द्यायला कोणी नसते.

उपाय आपल्याच शेतात आहे. पाण्याच्या वाटपात शेजपाळीचा नियम आपल्याला पिढ्यांपासून माहीत आहे: दाराखालचे भिजवणे टेलपासून सुरू करायचे आणि हेडकडे यायचे. असे का? हेडच्या माणसाच्या बांधावरून पाणी वाहतच असते, तो कधीही घेऊ शकतो. टेलच्या माणसाला पाळीशिवाय दुसरा आधार नाही. बोलण्याचेही तंतोतंत तसेच आहे. अण्णांना कधीही बोलता येते. मागच्या ओळीतला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बोलला नाही तर मग बोलतच नाही. एकदा जाणत्याने मत दिले की नंतर वेगळे मत देणे म्हणजे त्याला विरोध करणे होते. तेच मत आधी दिले तर ती नुसती माहिती असते.

ही काही आपल्या गावठी डोक्यातून निघालेली युक्ती नव्हे. आपल्या घरचा कोणी फौजेत असेल तर त्याला विचारा. 1954 च्या सैन्य नियमांप्रमाणे कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मते घेताना सुरुवात सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून होते. कर्नलने आधी मत दिले तर कॅप्टन वेगळे बोलणार नाही, हे नियम करणाऱ्यांना कळत होते. पाण्याच्या बाबतीत 2005 च्या सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन या कायद्यानेही हाच विचार धरला. पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल यांना सारख्या जागा ठेवल्या आणि अध्यक्षपदही या तीन भागांत फिरते ठेवले. या कायद्याच्या कितीतरी आधी, 1990 च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरला पाणी वापर संस्थांचे काम सुरू केले. ओझर पडते कालव्याच्या टेलला. म्हणजे तिथेही सुरुवात शेपटाकडूनच झाली. पण कायदा टेलच्या माणसाला खुर्ची देऊ शकतो, त्याचे तोंड उघडू शकत नाही. ते काम बैठक चालवणाऱ्याचे.

आता तीच बैठक पुन्हा भरवू.

पहिले काम बैठकीच्या आदल्या दिवशी होते आणि ते अण्णांच्या वस्तीवर होते. अध्यक्षांनी एकट्याने जावे, चहा घ्यावा आणि सरळ सांगावे: "अण्णा, उद्या सुरुवात तुम्ही केली की पुढं कोणी तोंड उघडत नाही. तुमच्यापुढं काय बोलायचं म्हणतात. उद्या टेलपासून विचारत येतो. सगळ्यांचं ऐकून शेवटी तुम्ही बोला." यात खोटे काही नाही, आणि खोटे असू नयेच. उगीच हरभऱ्याच्या झाडावर चढवायला गेलो तर अण्णांसारख्या माणसाला ते लगेच कळते. आपल्याकडे शेवटी बोलण्याचा मान पहिल्या बोलण्यापेक्षा मोठा असतो. कीर्तनात असो की लग्नाच्या बैठकीत, शेवटचा शब्द जाणत्याचा. म्हणून या मागणीत अपमान होत नाही. त्याच वेळी त्यांना एक कामही सांगावे: गेल्या तीन वर्षांच्या पाळ्यांच्या तारखा त्यांच्या वहीत असतील, त्या घेऊन याव्यात. ज्याच्याजवळ माहिती आहे त्याने ती आधी कागदावर ठेवली, की ती सांगण्यासाठी सहा वेळा उठावे लागत नाही.

बसण्याची जागाही आधी ठरवावी. अण्णा अध्यक्षांच्या समोर बसले तर दर वाक्याला नजरानजर होते आणि नजर मिळाली की बोलणे सुरू होते. त्यांना अध्यक्षांच्या शेजारी बसवावे. मानही राहतो आणि नजरही सतत मिळत नाही. इतकी लहान गोष्ट, पण करून पाहा.

बैठक सुरू होताना अध्यक्षांनी नियम सांगावा तो सर्वांसाठी सांगावा, अण्णांचे नाव न घेता: "आज बोलण्याची शेजपाळी. टेलपासून सुरू, हेडला शेवट, आणि अध्यक्ष सगळ्यांच्या मागून." अध्यक्षांनी स्वतःलाही त्यात बांधून घेतले की नियम कोणावर रोखलेला वाटत नाही.

यापुढचा भाग सगळ्यात नाजूक आहे आणि बहुतेक बैठका इथेच फसतात. आळीपाळीने विचारायचे ठरवले जाते, पण विचारले काय जाते? "तुमचं मत काय?" मत विचारले की न बोलणारा माणूस घाबरतो, आजूबाजूला पाहतो आणि म्हणतो, "माझं काय वेगळं, सगळ्यांचं तेच." अशी चोवीस माणसे फिरून आलो तरी हाती काही लागत नाही, वर अण्णांना वाटते की सगळे आपल्याच बाजूचे आहेत. म्हणून मत विचारू नये. असा प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर जगात फक्त त्या माणसालाच ठाऊक आहे. "गेल्या पाळीला तुमच्या बांधावर पाणी कोणत्या दिवशी पोचलं? किती तास राहिलं? किती सऱ्या कोरड्या राहिल्या?" याला धीर लागत नाही, आठवण लागते. वाटेकरी असो, नवऱ्यामागे शेती पाहणारी बाई असो, उत्तर देतेच. आणि याला अण्णाही खोडू शकत नाहीत, कारण त्या बांधावर ते नव्हते.

सचिवांनी ही उत्तरे शाळेच्या फळ्यावर सगळ्यांना दिसतील अशी मांडावीत. एका बाजूला गट नंबर, पुढे पाणी पोचल्याचा दिवस, पुढे तास. टेलची आठ उत्तरे लिहून झाली की फळाच बोलायला लागतो: ठरलेले दिवस चार, भिजले दीड.

मधेच अण्णा उठणार, हे गृहीत धरावे. चाळीस वर्षांची सवय एका चहाने जात नाही. टेलचा एक जण तास सांगत असतो आणि अण्णा म्हणतात, "अहो, ते दार गळतंय म्हणून कमी भरतं, मी तेव्हाच सांगितलं होतं..." इथे त्यांना "थांबा" म्हणू नये आणि पुढे बोलूही देऊ नये. अध्यक्षांनी सचिवांना सांगावे, "अण्णांचा मुद्दा लिहा: दार गळतं." फळ्याच्या कोपऱ्यात त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, वाचून दाखवावे, "बरोबर ना अण्णा?" विचारावे. आणि मग, "टेलचे दोघं राहिलेत, ते झाले की या मुद्द्यावर येतो." फार बोलणारा माणूस पुष्कळदा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ती कोणी ऐकली असे त्याला वाटलेले नसते. शब्द फळ्यावर दिसला की निम्मे बोलणे तिथेच मिटते. मात्र मुद्द्यावर परत येतो म्हटले तर आले पाहिजे. एकदा विसरलात की पुढच्या खेपेला फळ्यावर कोणाचा विश्वास राहणार नाही.

शेवटी अण्णा बोलतात. आता त्यांच्यासमोर फळा आहे. त्यांचे मत पूर्ण बदलेल असे मी म्हणणार नाही. हेडचा खोडवा वाळतो आहे हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण आता ते वेगळ्या जागेवरून बोलतात. दार कुठल्या साहेबाकडून दुरुस्त होईल हे त्यांनाच माहीत असते. पाळीच्या आधी दोन दिवस श्रमदानाने गवत काढायचे, पाणी टेलपासून सोडायचे, आणि हेडच्या अगदीच वाळलेल्या दोन तुकड्यांना पहिली एक रात्र द्यायची, अशी तोड ते स्वतःच काढू शकतात. आधीच्या बैठकीत ही तोड निघू शकत नव्हती, कारण टेलच्या दिवसांचा हिशेबच कोणापुढे नव्हता. आणि ती अण्णांच्या तोंडून आली म्हणजे रात्री दारावर पाळत ठेवायलाही अण्णाच जातील.

काही गटांत असे होते की अण्णांना आवरण्यासाठी त्यांनाच इतिवृत्त लिहायला बसवतात. लिहिणारा माणूस बोलत नाही, हे खरे. पण मग इतिवृत्तात अण्णांचेच म्हणणे सर्वांच्या नावावर चढते. तसे करायचे असेल तर बैठक उठण्यापूर्वी इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्यावे. नाही तर हा उपाय रोगापेक्षा महाग पडतो.

अण्णांच्या सविस्तर बोलण्याला जागाच नको, असेही नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव पुष्कळांनी ऐकले असेल. देवाजी तोफा यांचे ते गाव, आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अनेक वर्षे काम केले. 2009 साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात, पण आपल्याला इथे घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. त्या गावाने चर्चा आणि निर्णय यांच्या जागा वेगळ्या केल्या. अभ्यास गटात कोणीही यावे, कितीही खोलात बोलावे, पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो. आपल्या अण्णांनाही अशी एक संध्याकाळ द्यावी: कालव्याचे वेळापत्रक, पाणीपट्टी, ठिबकचे अनुदान, ज्याला ऐकायचे त्याने यावे. तिथे तासभर बोलले तरी कोणाचे पाणी तुटत नाही. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला वाल्मी ही संस्था 1980 पासून आहे. पाणी वापराच्या प्रशिक्षणाला गटातून कोणाला पाठवायचे झाले, तर अण्णांबरोबर टेलचा एक तरुण पाठवावा. दोन वर्षांत नियमांची माहिती असणारी माणसे दोन होतात, आणि अण्णांच्या बोलण्याचे निम्मे कारणच संपते.

या शेजपाळीला मर्यादा आहेत. कालवा फुटला, तोडणीची टोळी अर्ध्या फडातून निघून गेली, अशा वेळी चोवीस जणांना विचारत बसायचे नसते. ज्याला कळते त्याने सांगावे आणि बाकीच्यांनी फावडे उचलावे. दुसरे, अण्णांचा त्या विषयात सरळ स्वार्थ असेल, म्हणजे वाद त्यांच्याच दारावरचा किंवा त्यांच्याच थकबाकीचा असेल, तर गोड बोलून भागत नाही. तिथे त्यांचे म्हणणे एकदा पूर्ण ऐकून घ्यावे आणि ठरावाच्या वेळी त्यांनी बाहेर बसावे, हा नियम वाद नसताना आधीच करून ठेवावा. आणि तिसरी अडचण सगळ्यात अवघड: अध्यक्षच अण्णा असले तर? मग आदल्या दिवशी वस्तीवर जाणार कोण? अशा गटात त्या विषयापुरती बैठक दुसऱ्याने चालवावी. शक्यतो टेलच्या संचालकाने. अध्यक्षांकडे हे मागायला त्यांच्या बरोबरीच्या वयाच्या माणसाने जावे, पोराने जाऊ नये.

बैठक सुधारली की नाही हे ओळखायला फार लांब जावे लागत नाही. सचिवांनी हजेरीच्या वहीत प्रत्येक नावापुढे, तो बोलला की एक बारीक रेघ मारावी, कोणाला न सांगता. पहिल्या बैठकीत अण्णांच्या नावापुढे सहा रेघा आणि वीस नावे कोरी, असे चित्र दिसेल. चौथ्या बैठकीत अण्णांच्या तीन असतील आणि कोरी नावे सात-आठ राहिली असतील तर गाडी रस्त्याला लागली. ही वही सभेत वाचून दाखवू नये. आणि कोरी राहिलेली नावे कोणत्या भागातली आहेत ते पाहून पुढच्या बैठकीला पहिला प्रश्न तिकडे न्यावा.

दुसरी खूण पाळी सुरू झाल्यावर सहाव्या रात्री दारावर जाऊन पाहावी.